सुनंचं इंग्रजी आन द्राक्षाची छाटनी

माझी सून तासगाव-सांगली रस्त्यावर एका पॅकहाऊसात कामाला जाती. बागंतली द्राक्षं तिथं येत्यात, बाया कातरीनं खराब मनी काढत्यात, वजन करत्यात, डब्यात भरत्यात, मग थंड खोलीत ठिवून माल परदेशी जातो. हंगाम चार म्हैन्याचा. त्यानंतर बाया घरी.

माझा ल्योक तीन वर्सं झाली घरात हाय. बेदान्याच्या शेडवर जाळी ताणताना वरनं पडला, मनका गेला. काठी धरून परसापातूर जातो, येतो, आन बसतो. बसून बसून मानूस कसा व्हतो ते मी बघितलंय. आमच्या हिनं एका वर्साचा हंगाम सोडला न्हाई, पर हंगामी बाईला दवाखान्याचं कार्ड मिळत न्हाई. बारमाही मानसाला मिळतं. त्या कार्डावर नवऱ्याचा उपचार व्हतो. एवढंच आमाला पायजे व्हतं.

हंगामाच्या आदीच, दसऱ्याच्या आगंमागं तिला क्रेट धुयाला बोलावलं व्हतं, ते काम हंगामापातूर रोज चालनार व्हतं. सांजच्याला आली ती पायावर पानी बी न घेता उंबऱ्यावर बसली. म्हनली, "आत्या, मॅनेजरनी बोलावलं व्हतं."

"काय म्हनलं?"

"लाईनीवर एक सुपरवायझर बाई बारमाही ठिवनार हायत. म्हनलं, काम तुमाला येतंय, बायका तुमचं ऐकत्यात. पर रजिस्टर इंग्रजीत ल्याहायचं. आन परदेशी पार्टीचा ऑडिटर येतो, त्यो लाईनीवर हुबा राहून बायांस्नी इचारतो, त्याला उत्तर द्यायचं. हंगाम सुरू व्हायच्या आत इंग्रजीचं काय तरी बघा म्हनलं. न्हाईतर कॉलेजच्या एका पोरीचा अर्ज आलाय."

"हंगाम कवा?"

"जानेवारीत."

आतनं लेकाचा आवाज आला, "तिला इंग्रजी येतंय व्हय? धाव्वीत पस्तीसावर सुटलीया."

तिनं उठून पाय धुतलं, चुलीकडं गेली.

मी चवथीपातूर शिकलेली. मला अक्षर लागतं, पर कुठं इंग्रजीची पाटी आली का मी दुसऱ्याला इचारनार. मग माझ्या डोक्यात आलं, तिला येळ न्हाई, मी रिकामी हाय, मी इचारून येते. मानसं इचारून इचारून गावं गाठत्यात. हितंच माझी चूक झाली. मी इचारलं, पर काय इचारायचं ते मला कळलं न्हाई.

पयल्यांदा गल्लीतल्या निवृत्त गुरुजींकडं गेले. म्हनलं, "गुरुजी, सुनंला इंग्रजी शिकायचंय. चांगला रस्ता कुठला?"

गुरुजी चष्मा पुसत म्हनलं, "पाया पक्का पायजे. व्याकरन. काळ पाठ करायचं, बारा हायत. पाया नसंल तर घर कसं हुबं राहील?"

मला पटलं. त्यांनी जुनं पुस्तक दिलं. आमची सून धा-बारा दिवस बारा काळ पाठ करत बसली. भाकरी थापताना तोंडात पुटपुट. भाकरी करपली एक दिवस, तर लेक म्हनला, "ही भाकरी भूतकाळात गेली." मी हसले न्हाई. ती बी न्हाई.

मग माझा भाऊ. त्यो साताऱ्याकडं आमच्या माहेरी राहतो, मिलिटरीतनं रिटायर झालाय. त्याला फोन केला. त्यो म्हनला, "आक्का, पुस्तक फेकून दे. बोलत सुटायचं. लाज सोडायची. मी काय व्याकरन शिकलो व्हय? केरळचा, पंजाबचा, समदे एका खोलीत, तोंड उघडल्याशिवाय चहा मिळत नव्हता."

मी म्हनलं, "आरं, तुझ्याभवती बोलनारं व्हतं. हितं ती कुनासंगं बोलंल? माझ्यासंगं?"

"बोलंल की. तू व्हय-न्हाई करत जा."

दोन दिवस ती माझ्यासंगं इंग्रजी बोलली. मी व्हय-न्हाई केलं. तिसऱ्या दिवशी तीच म्हनली, "आत्या, मी चुकतीया का बरूबर हाय, तुमाला बी कळंना आन मला बी कळंना."

मग सांगलीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी मी गेले. त्यांच्या बागंत मी तीस वर्सं काम केलंय, म्हाताऱ्या मालकीनबाई मला घरच्यावानी वागवत्यात. त्यांचा नातू म्हनला, "रोज इंग्रजी पेपर वाचायचा, आजी." रद्दीतलं पंधरा-वीस पेपर दिलं. पेपरात कुठं शेअर बाजार, कुठं दिल्ली. आमची सून एका बातमीत चाळीस शब्दांवर अडायची. शब्द वहीत ल्याहायची, दुसऱ्या दिवशी इसरायची.

त्यानंतर सांगलीतला क्लास. भिंतीवर मोठी पाटी, साठ दिवसांत फाडफाड. तिथं गेलो तर फी घेनाऱ्या पोरीनं इचारलं, "कुठली बॅच, सकाळची का संध्याकाळची?" बाकी कायबी इचारलं न्हाई. क्लासात समदी कॉलेजची पोरं. पयल्या दिवशी प्रत्येकानं हुबं राहून आपला छंद सांगायचा व्हता. हिची पाळी आली तर ही गप. मास्तर म्हनला, "काहीतरी बोला, ताई." मागनं एक पोरगं म्हनलं, "ताईंचा छंद गप बसायचा हाय." समदी हसली. क्लास दोन तास, बसचा येळ वेगळा. घरी यायला सात वाजायचं, मग गाईचं, नवऱ्याचं, सैपाक. आठवड्यात तीन दिवस बुडायचं. मग जायचंच बंद झालं.

आसं करत चाळीस-पंचेचाळीस दिवस गेलं. बागा फुटल्या, घड बाहेर पडलं. एक दिवस ती गोठ्यात शेन काढत व्हती, मी पाटी धरून हुबी. ती खाली बघूनच म्हनली, "आत्या, आता इचारू नका कुनाला. मला न्हाई जमायचं. त्या पोरीला मिळू दे."

आमच्या घरात रडायची पद्धत न्हाई. माझा नवरा गेला तवा ल्योक पाच वर्साचा व्हता, मी तिसऱ्या दिवशी खुरपायला गेले व्हते. पर त्या दिवशी मला आतून काय तरी खचल्यासारखं झालं. हिला मी चार दारं फिरवली, आन प्रत्येक दारातनं ती पयल्यापेक्षा बारीक हून बाहेर आली. पयल्यांदा तिला निदान काम येतं एवढं तरी म्हाईत व्हतं. आता तिला आपल्याला कायबी येत न्हाई एवढंच म्हाईत झालं.

त्याच आठवड्यात सांगलीच्या त्या जुन्या मालकांनी मला तासगावला औषधाच्या दुकानात चिठ्ठी घिऊन धाडलं. बागंच्या औषधाचं दुकान. मी बाकड्यावर बसले. माझ्या म्होरं एक नवा बागवाला, नवाच आसनार, कपडं बी कोरं व्हतं. म्हनला, "द्राक्षावरच्या केवडा रोगावर चांगलं औषध द्या."

दुकानदार हातातलं काम न सोडता म्हनला, "छाटनी हून किती दिवस झालं?"

"चांगलं कुठलं तेवढं सांगा की."

"आवं, पर छाटनी हून किती दिवस झालं? माल एक्स्पोर्टला का बेदान्याला? बागंत रोग दिसतोय का अजून न्हाई? फवारायला ट्रॅक्टर हाय का पाठीवरचा पंप? एक्स्पोर्टचा माल आसंल आन दिवस म्होरं गेलं आसतील, तर जे औषध शेजाऱ्याला चांगलं त्याचाच अंश तुमच्या मालाच्या तपासनीत सापडंल आन माल परत यील. चांगलं औषध आसं कुठलं नसतंय. तुमच्या बागंला चालनारं आसतंय."

त्यो मानूस खजील झाला. म्हनला, "त्रेचाळीस दिवस झालं. एक्स्पोर्टला हाय."

"मग आसं आदी बोलायचं."

मी चिठ्ठी हातात धरून बसले व्हते. हे मी तीस वर्सं ऐकतीया. आमच्याकडं बाग म्हनली का छाटनीचा दिवस मोजतात, पोराचं वय सांगावं तसं सांगतात. कुनी बी शहाना मानूस दिवस इचारल्याशिवाय बागंला बोट लावत न्हाई. आन मी माझ्या सुनंसाठी चार ठिकानी गेले ते "चांगलं औषध द्या" म्हनत गेले. कुनी मला इचारलं न्हाई आन मी बी सांगितलं न्हाई. गुरुजींनी शाळंचं औषध दिलं, भावानं मिलिटरीचं, त्या नातवानं आपलं. खोटं कुनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बागंला ते चाललंच आसनार.

दुकानदारानं माझी चिठ्ठी घेतली. म्हनला, "काय म्हातारे, तंद्री लागली व्हय?"

मी म्हनलं, "व्हय. उशिरा लागली."

घरी आल्यावर मी सुनंला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड म्होरं सारलं. मग म्हनली, "आता कुनाकडं जायाचं पर?"

माधवनगरला एक मुसलमान मॅडम राहतात. शाळंत इंग्रजी शिकवायच्या, आता घरीच शिकवत्यात. त्यांचे वडील पॅकहाऊसाला डबं रचायचे लाकडी पॅलेट करून द्यायचे, म्हनून त्यांना ह्यो धंदा म्हाईत. पॅकहाऊसातल्याच एका बाईनं नाव सुचवलं. ह्या येळंला जायच्या आदी मी सुनंला म्हनलं, रजिस्टरचा फोटू घे. जुनं रजिस्टर मोबाईलमधी घे, ऑडिटर काय इचारतो ते बायांस्नी इचारून मराठीत ल्ही. आन दिवसाला खरा येळ किती मिळतो ते घड्याळ लावून बघ. तिनं आठवडाभर बघितलं.

मॅडम दारात शेंगा सोलत बसल्या व्हत्या. मी बसायच्या आतच बोलाय लागले. "मॅडम, हिला पॅकहाऊसात रजिस्टर ल्याहायचंय आन ऑडिटरला उत्तर द्यायचंय. हंगामाला साठ-पासष्ट दिवस हायत. धाव्वी झालीया. येळ..."

मॅडमनी हात वर केला. "थांबा आजी, श्वास घ्या. पहिल्यांदाच कुणीतरी असं बोलतंय माझ्या दारात. लोक येतात, म्हणतात इंग्लिश पक्कं करून द्या. मी विचारते कशाला, तर म्हणतात असावं म्हणून." मग सुनंकडं वळल्या. "दाखवा ते रजिस्टर."

त्यांनी मोबाईल घेतला आन सुनंला वाचाय लावलं. ती अडखळत वाचाय लागली. टेंपरेचर, वेट, बॉक्स, रिजेक्टेड, क्लीनिंग, सीझर म्हंजी कातर. मला वाटलं हिला येत न्हाई. मॅडम म्हनल्या, "अहो, हिला तर यातलं पाऊण वाचता येतंय. अर्थ सांगा बघू." हिनं समदे अर्थ सांगितलं. मग मॅडमनी एक वाक्य ल्याहायला सांगितलं, काल थंड खोलीचं तापमान जादा झालं आसं. तिला तीन शब्द ल्याहाय आलं, बाकी न्हाई. मग मॅडमनी इंग्रजीत काय तरी इचारलं. सून माझ्याकडं बघाय लागली. परत सावकाश इचारलं. तवा तिला निम्मं कळलं. उत्तर आलं न्हाई.

मॅडम म्हनल्या, "झालं. वाचणं बरं, शब्द बरे, लिहिणं कच्चं, ऐकणं कच्चं, बोलणं शून्य. आता वेळ सांगा. खरा."

सून म्हनली, "दोन तास काढीन मॅडम."

"काढाल ना? कुठून काढाल? सांगा मला, घरात आजारी माणूस, गाय, नोकरी. ज्या दिवशी गाय आजारी असेल त्या दिवशी किती मिळेल तेवढा सांगा. त्यावर प्लॅन करायचा. दोन तासांवर केला तर तिसऱ्या दिवशी तुटेल आणि तुम्ही मला तोंड दाखवणार नाही."

सून खाली बघत म्हनली, "बसमधी जाताना पंचवीस मिनटं, येताना पंचवीस. दुपारच्या सुट्टीत धा. रविवारी एक तास."

"एवढं पुरे आहे. कारण तुम्हाला इंग्लिश नाही शिकायचं. तुम्हाला तुमचं काम इंग्लिशमध्ये करायचंय. बारावीची परीक्षा असती तर मी वेगळं सांगितलं असतं. परदेशात नोकरीला जायचं असतं तर म्हटलं असतं, वर्ष धरा."

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून पाठ हाय. रजिस्टरातले शब्द येतात, त्यांच्यावर दिवस घालवायचे न्हाईत. धा-बारा वाक्यांचे साचे, त्यात फक्त आकडा आन वस्तू बदलायची. दुपारी धा मिनटांत त्या दिवसाची खरी नोंद ल्याहायची, खोटं उदाहरन न्हाई. बसमधी जाताना मॅडमच्या आवाजात ऑडिटरचे प्रश्न कानात घालून ऐकायचे, येताना उत्तर हळू आवाजात म्हनायचं. रविवारी तपासनी. आन सगळ्यात आदी एक वाक्य पाठ करायचं, सावकाश परत इचारा म्हनायचं वाक्य. मॅडम म्हनल्या, "हे वाक्य आलं की अर्धी भीती जाते."

मी मधीच इचारलं, "आन ते बारा काळ?"

मॅडम हसल्या. "आजी, तुमच्या रजिस्टरात काल काय झालं आणि आज काय आहे, एवढंच असतं. दोन काळ पुरतात. बाकीचे दहा गुरुजींना परत द्या."

बसमधी शेजारच्या बाया तिला चिडवायच्या. "काय गं, कुनासंगं बोलतीयास, यमासंगं?" ती मान हलवायची आन पुटपुटत राहायची. घरी मला बी काम मिळालं. मॅडमनी ऑडिटरचे प्रश्न देवनागरीत कार्डावर ल्हिऊन दिलं, मी ते मोठ्यांदा वाचायचं. मला अर्थ कळत नव्हता. मी खुर्चीवर बसायची, पदर डोक्यावर घ्यायची आन वाचायची, "व्हॉट डू यू डू इफ अ सीझर इज मिसिंग?" ती माझ्या म्होरं हुबी राहून उत्तर द्यायची. ल्योक खाटंवर बसून म्हनायचा, "आये, तू ऑडिटर न्हाई, फौजदार दिसतीस." तीन वर्सांत त्यो पयल्यांदा टोमना न मारता असा हसून बोलला व्हता. मग त्योच कार्ड घिऊन इचाराय लागला, माझ्यापेक्षा त्याचा उच्चार बरा व्हता. त्याला बी दिवसाला एक काम झालं.

आसं सरळ गेलं म्हनू नये. डिसेंबरात लेकाला ताप आला, आठ दिवस दवाखाना, वही उघडली न्हाई. नवव्या दिवशी ती मॅडमकडं जायला तयार हुईना. म्हनली, काय तोंड दाखवू. मी तिला ढकलत न्हेलं. मॅडमनी वही घेतली, उलटी केली, म्हनल्या, "आठ दिवस गेले. मग शेवटचे आठ प्रश्न काढून टाकू. हे तुम्हाला विचारतीलच असं नाही. सीझर, हात धुणं, तापमान, आजारी बाई, एवढं राहू दे." आन आठ प्रश्नांवर काट मारली. मला भ्या वाटलं, पर ती त्या दिवशी जेवली.

हंगाम सुरू झाला. मॅनेजरनी तिला पंधरा दिवस रजिस्टर दिलं, बघू म्हनलं.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पॅकहाऊसात समद्या कातऱ्यांवर नंबर आसतो. सकाळी मोजून देत्यात, सांजच्याला मोजून घेत्यात. कातर डब्यात गेली आन परदेशात कुनाच्या हातात निघाली तर समदा माल परत. त्या दिवशी जेवनाच्या सुट्टीत मोजताना चौदा नंबरची कातर कमी आली. गाडी भरायला लागली व्हती. हिनं लाईन बंद केली. सकाळपासनं भरलेलं डबं बाजूला काढून ठिवलं, गाडीत चढलेलं बी उतरवाय लावलं.

मॅनेजर धावत आला. "आवं बाई, गाडीचा येळ हाय. शोधा की लाईन चालू ठिवून."

ती म्हनली, "साहेब, कातर घावल्याशिवाय माल जात न्हाई. तुमीच बोर्डावर ल्हिलंय."

पाऊन तास डबं उघडून बघितलं. शेवटाला कचऱ्याच्या क्रेटात, पानांच्या खाली घावली. मॅनेजरनी घाम पुसला आन म्हनला, "झालं. घावली. आता रजिस्टरात ल्याहायची गरज न्हाई. ऑडिट तोंडावर हाय."

ती घरी आली आन मला हे सांगून पाय धुयाला लागली. मी इचारलं, "मग?"

"ल्हिलं, आत्या."

"तो नको म्हनला व्हता न्हवं?"

"माझ्या हातात कागद व्हता. सीझर नंबर फोर्टीन मिसिंग. लाईन स्टॉप्ड. ऑल बॉक्सेस चेक्ड. सीझर फाऊंड इन वेस्ट क्रेट. चार वाक्यं. पयल्यांदा मी मॅडमला न इचारता ल्हिलं. मला पुसाय जमंना."

ल्योक म्हनला, "गेली मग नोकरी." त्या रात्री भाकरी कुनालाच गोड लागली न्हाई. मी तिला चूक म्हनले न्हाई, बरूबर बी म्हनले न्हाई. मला खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी ते पान बघितलं. तिच्याशी दोन दिवस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी ती कॉलेजची पोरगी ऑफिसात बसलेली हिनं बघितली.

मग ऑडिटर आला. गोरा नव्हता, आपल्याकडचाच कुठल्या तरी लांबच्या राज्यातला, मराठी येत नव्हती. त्यानं रजिस्टर चाळलं आन त्याच पानावर बोट ठिवलं. मॅनेजरच म्होरं हून सांगाय लागला तर त्यो म्हनला, जिनं ल्हिलंय तिला बोलवा. ही गेली. त्यानं भराभरा इचारलं. हिनं आदी ते पाठ केलेलं वाक्य म्हनलं, सावकाश परत इचारा. त्यानं सावकाश इचारलं. हिनं सांगितलं, कातर मोजली, कमी आली, लाईन थांबवली, डबं बाजूला ठिवलं, तपासलं, घावली, मग चालू केली. तिची वाक्यं मोडकी व्हती म्हनली, पर त्याला कळलं.

मग त्यानं अजून एक इचारलं. हे परत हू नये म्हनून तुमी काय बदल केला. ते कार्डावर नव्हतं. मॅडमनी काट मारलेल्या प्रश्नांत व्हतं. हिला प्रश्न कळला, उत्तर म्हाईत व्हतं, शब्द नव्हते. ती म्हनली, साहेब, मला मराठीत म्हाईत हाय, इंग्रजीत न्हाई. हे बी एक पाठ केलेलं वाक्यच व्हतं. मग तिनं मराठीत सांगितलं, कचऱ्याच्या क्रेटावर आता जाळी बसवलीया आन क्रेट रिकामा करायच्या आदी कातऱ्या मोजतो. मॅनेजरनी इंग्रजीत सांगितलं. आन त्याला सांगावंच लागलं.

ऑडिट झालं. त्याचं काय झालं ते आमाला म्हैनाभर कळलं न्हाई. त्या म्हैन्यात आमी घरात त्या इषयावर बोललो न्हाई. ती कामाला जायाची, यायाची. एकदा फकस्त म्हनली, "आत्या, ते आठ प्रश्न काढलं नसतं तर." मी म्हनलं, "आठ दिवस दवाखान्यात गेलं नसतं तर. आन त्याच्या आदी मी तुला चार दारं फिरवली नसती तर."

"तुमी माझ्यासाठीच फिरला की."

"व्हय. म्हनून तर जास्त लागतंय."

मग ऑडिट पास झाल्याचं कळलं, आन हंगाम सरताना तिला कागद मिळाला. बारमाही, पर एक वर्स बघून. कार्ड बी मिळालं. लेकाची तपासनी सुरू हाय, डॉक्टर म्हनतात चालाय लागंल का ते आत्ताच सांगता येत न्हाई. उशीर झालाय. ते आमाला बी दिसतंय.

मधी माझ्या भावाच्या नातीचं लगीन साताऱ्याला झालं. तिथं पाव्हन्यांनी हिला घेरलं. "आमी ऐकलं, तू इंग्रजी शिकलीस. बोल की चार वाक्यं." नवऱ्या मुलाकडचं कोन पुन्याचं, त्यांनी बी इंग्रजीत कायतरी इचारलं. हिला कळलं न्हाई. पाव्हनी हसली. माझा भाऊ म्हनला, "म्हनून मी सांगत व्हतो, बोलत सुटायचं."

ती हसून म्हनली, "मामा, मला कातरीचं इंग्रजी येतं. लगनाचं न्हाई येत."

येताना बसमधी ती खिडकीतनं बाहेर बघत व्हती. मला वाटलं तिला लागलं. कऱ्हाड मागं पडल्यावर म्हनली, "आत्या, मॅनेजर म्हनत व्हते, येत्या सालापासनं परदेशी पार्टीचं ईमेल बी बघायचं. त्या पोरीला येतंय म्हनलं ते." आन परत खिडकीकडं वळली. परत तेच दिवस तिच्या डोळ्याम्होरं आलं आसनार.

मी इचारलं, "ईमेल नुसतं वाचायचं का उत्तर बी द्यायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हनली, "ते इचारलं न्हाई मी."

"उद्या इचार. आन कधीपासनं ते बी इचार. मग मॅडमकडं जाऊ."

तिनं पिशवीतनं वही काढली आन बस हलत व्हती तरी त्यावर ते दोन प्रश्न मराठीत ल्हिऊन ठिवलं.